दहाचा आकडा मराठीतही दहाच राहावा म्हणून



स्मृतिव्याख्यानाला मोठा विषय घ्यायची प्रथा आहे. मी मुद्दाम लहान घेतला आहे. एका प्रश्नावलीतले दोन प्रश्न, एक मनःस्थितीचा आणि एक झोपेचा. ते इंग्रजीतून मराठीत आणताना काय होतं, एवढंच आज सांगणार आहे. दोन प्रश्नांना तासभर कशाला, असं मनात आलं असेल तर थोडा धीर धरा.

तो कागद तुमच्यापैकी काहींनी दवाखान्यात पाहिला असेल. नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीसमोर चार रकाने. त्याचं नाव पीएचक्यू-९. क्रोंकी, स्पिट्झर आणि विल्यम्स या तिघांनी २००१ साली त्याची तपासणी प्रसिद्ध केली. प्रत्येक ओळीत डिप्रेशनचं एक लक्षण आहे, आणि प्रश्न असा की गेल्या दोन आठवड्यांत याचा त्रास तुम्हाला किती वेळा झाला. अजिबात नाही याला शून्य, काही दिवस याला एक, निम्म्याहून अधिक दिवस याला दोन, जवळजवळ रोज याला तीन. नऊ त्रिक सत्तावीस, म्हणून गुण शून्य ते सत्तावीस. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले की डॉक्टरांनी पुढची चौकशी करायची.

हा दहाचा आकडा आला कुठून? इंग्रजी प्रश्नावली भरलेल्या काही लोकांची तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घेतली. मुलाखतीत ज्यांना मेजर डिप्रेशन निघालं, त्यांच्यातल्या शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांना या रेषेनं पकडलं. ज्यांना नव्हतं, त्यांच्यातल्या शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांना रेषेखाली ठेवलं. म्हणजे दहाला अर्थ आला तो या तपासणीमुळे, आणि ती तपासणी झाली इंग्रजी शब्दांवर. शब्द बदलले, तर दहाचा अर्थ तोच राहील याची हमी कोणी द्यायची?

प्रश्नावली वापरायला, तिचं भाषांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे जगभर ती पोहोचली. (आणि त्यामुळेच दुपारच्या जेवणाआधी बसल्या बैठकीत तिचं भाषांतर उरकणारेही जगभर आहेत.)

आधी एक हिशेब करू. दोन्ही भाषा येणारी एक बाई समजा. इंग्रजी कागदावर तिचे गुण असे आले: रस कमी होणं एक, मनःस्थिती एक, झोप एक, थकवा दोन, भूक एक, स्वतःला दोष देणं एक, लक्ष न लागणं एक, उरलेल्या दोन ओळी शून्य. बेरीज आठ. आता तीच बाई, तोच दिवस, पण कागद मराठी. मनःस्थितीच्या ओळीत भाषांतरकारानं जरा हलका शब्द घातला आहे, म्हणून तिला असे दिवस जास्त आठवले. तिथे दोन. झोपेच्या ओळीत शब्द सैल आहे, तिथेही दोन. बेरीज दहा. बाईचं दुखणं तसूभर वाढलेलं नाही, पण ती रेषेपलीकडे गेली.

उलटही होतं. शब्द भारी निवडला तर तिला वाटतं, एवढं काही मला झालेलं नाही. एकाचे शून्य होतात. अशा दोन ओळी आल्या की खरोखर दहा गुण असलेली बाई आठवर येते आणि गोळीबिळी न मिळता, चौकशी न होता घरी जाते.

तेव्हा आज आपण ज्याला तुलनीयता म्हणणार आहोत तिची व्याख्या साधी आहे: सारखंच दुखणं असलेल्या दोघांना, भाषा कुठलीही असो, सारखेच गुण मिळाले पाहिजेत. वाक्य मूळ वाक्यासारखं दिसतं का, हा प्रश्न दुय्यम.

आता पहिला प्रश्न, मनःस्थितीचा. मूळ इंग्रजीत तीन शब्द आहेत: डाउन, डिप्रेस्ड आणि होपलेस. तिन्हींच्या मध्ये ‘किंवा’. या तीन शब्दांचं वजन सारखं नाही. पहिला रोजच्या बोलण्यातला आणि हलका. दुसरा बोलण्यातलाही आणि दवाखान्यातलाही. तिसरा सगळ्यात जड, कारण तो पुढच्या दिवसांबद्दल बोलतो. मधे ‘किंवा’ असल्यामुळे तिन्हींपैकी एक लागू पडला तरी उत्तर होकारार्थी होतं. म्हणजे या ओळीत शिरायला किती उंचीचा उंबरठा ओलांडायचा, ते ठरवतो सगळ्यात हलका शब्द. भाषांतरकार बहुतेक वेळा ‘डिप्रेस्ड’ला काय म्हणायचं यावर डोकं खाजवत बसतो. खरी काळजी ‘डाउन’ची करायला हवी.

मराठीत काय काय पर्याय आहेत? ‘नैराश्य’ हा शब्द वर्तमानपत्रात रोज छापून येतो, पण स्वतःविषयी बोलताना कोणी वापरत नाही. ‘खिन्न’ पुस्तकातच राहिला. ‘टेन्शन’ मात्र सगळ्यांच्या तोंडी. बाह्यरुग्ण विभागात बसा, दहा मिनिटांत ऐकू येईल. मग तोच घ्यावा का? नाही. टेन्शनमध्ये काळजी येते, धाकधूक येते, पोरीच्या लग्नाचा खर्च येतो. त्या शब्दानं ओळ सोपी होईल, पण ती चिंतेचं माप घेऊ लागेल, खिन्नतेचं नव्हे.

मग अस्सल मराठी वाक्प्रचार घ्यावा, असं कोणी म्हणेल. ‘मन लागत नाही’ घेऊ. सुरेख आहे, कोणालाही कळतं. पण त्याच कागदावर पहिली ओळ आहे रस कमी होण्याची, आणि सातवी लक्ष न लागण्याची. ‘मन लागत नाही’ या तिन्ही घरांत पाय ठेवून उभं राहतं. एका तक्रारीचे गुण तीन ठिकाणी मोजले जातात आणि बेरीज फुगते. ‘जीव नकोसा झालाय’ घेऊ. ते थेट नवव्या ओळीत, मरणाच्या विचारांच्या ओळीत जाऊन पडतं. ‘अंगात जीव नाही’ चौथ्या ओळीत, थकव्याकडे. आपली भाषा मनाचं दुखणं सांगताना शरीर, इच्छा आणि जगणं एकत्र बांधते. बोलताना ते तिचं बळ आहे. पण या कागदावर नऊ लक्षणं नऊ ओळींत वेगळी मांडायची आहेत, तिथे वाक्प्रचार जितका बोलका तितका धोक्याचा.

यातून निघणारा नियम मी भाषांतर करणाऱ्यांना नेहमी सांगतो. ओळ एकटी भाषांतरित करू नका. शब्द निवडला की तो उरलेल्या आठ ओळींसमोर धरा आणि विचारा, हा आणखी कुठल्या ओळीत बसतो का? बसत असेल तर सोडा, कितीही आवडला तरी सोडा.

दुसरी अडचण ‘नाही’ची. ‘होपलेस’ला सरळ मराठी काय? ‘पुढे काही चांगलं होईल असं वाटत नाही’. सहज, बोलीतलं. पण समोरचा पहिला रकाना आहे ‘अजिबात नाही’. आता तिथे खूण केली तर काय समजायचं? असा त्रास अजिबात नाही, की पुढे काही चांगलं होईल असं अजिबात वाटत नाही? दोन्ही अर्थ मराठीत बिनचूक बसतात. आपल्याकडे ‘जेवला नाहीस का?’ याला ‘नाही’ म्हटलं तर उपाशी. म्हणजे ज्या बाईची आशा पार सुटली आहे, तीच ‘अजिबात नाही’वर खूण करून शून्य गुण घेऊ शकते! म्हणून ओळीत नकार नको. ‘आशा सुटल्यासारखं वाटणं’ असं होकारी रूप घ्यावं, म्हणजे नकार फक्त रकान्यात राहतो.

सगळं धरून माझ्या हाताशी उरतं ते असं: ‘उदास वाटणं, मन खचणं किंवा पुढची आशा सुटल्यासारखं वाटणं’. हलका, मधला, जड, त्याच क्रमानं. हा मसुदा आहे, निकाल नव्हे. ‘उदास’ जरुरीपेक्षा हलका पडतो का, हे मी इथे उभा राहून सांगू शकत नाही आणि तुम्हीही बसल्या जागी सांगू शकत नाही. ते कसं कळतं, याकडे शेवटी येतो.

दुसरा प्रश्न झोपेचा. हा सोपा वाटतो, कारण झोप सगळ्यांना माहीत आहे. मूळ ओळीत तीन गोष्टी आहेत: झोप लागायला त्रास, लागलेली झोप टिकायला त्रास, किंवा जास्त झोपणं. पहिल्या दोन एका बाजूच्या, तिसरी नेमकी उलट बाजूची. प्रश्न रचण्याच्या शास्त्रात ही मोठी चूक मानतात. हॅमिल्टन यांनी १९६० साली आपल्या मोजपट्टीत झोपेचे तीन वेगळे प्रश्न केले होते: रात्री सुरुवातीला, मध्यरात्री आणि पहाटे. पीएचक्यूनं सगळं एका ओळीत घातलं.

मराठीत या ओळीचं काय होतं? आपल्याकडे झोप येणं वेगळं, झोप लागणं वेगळं आणि झोपणं वेगळं. ‘जरा झोपलोय’ म्हणणारा माणूस टक्क जागा असू शकतो, नुसता आडवा झालेला. ‘फार झोप येते’ असं लिहिलं तर ती दिवसभराच्या पेंगेची तक्रार झाली आणि ओळ थकव्याच्या घरात गेली. ‘जास्त झोपणं’ असं लिहिलं तर त्यात आळसाचा ठपका येतो. सून म्हणून घरात वावरणारी बाई सासूच्या देखत याला हो म्हणेल का? ‘गरजेपेक्षा जास्त वेळ झोप लागणं’ हे त्यातल्या त्यात निर्दोष, कारण त्यात वेळ मोजला जातो, पेंग नव्हे आणि शीलही नव्हे.

आता ही ओळ प्रत्यक्ष वाचून दाखवल्यावर काय घडतं ते पाहा. मसुदा तयार झाल्यावर थोड्या लोकांबरोबर बसून त्यांना प्रश्न कसा कळला ते विचारायचं असतं. अशी एक मुलाखत कल्पनेनं उभी करतो. आरोग्यसेविका ओळ वाचते आणि म्हणते, “मावशी, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.”

मावशी म्हणतात, “मी फार झोपते का, असंच ना? कुठली झोप गं बाई, पाचला पाणी येतं.”

“आणि झोप लागायला त्रास होतो का?”

“ते कुठं विचारलंस तू? रात्री दोन दोन वाजेपर्यंत लागत नाही.”

तीन तुकड्यांची ओळ ऐकवली की कानात शेवटचा तुकडा राहतो. स्वतः वाचणाऱ्याला तिन्ही दिसतात, ऐकणाऱ्याला एकच. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी प्रश्नावली भरून घेतली जाते ती वाचून दाखवून. म्हणजे या मावशींना शून्य मिळाला असता, आणि तो भाषांतराच्या चुकीमुळे नव्हे, तोंडी विचारण्यामुळे. उपाय काय? ओळ फोडून तीन प्रश्न करायचे? तसं केलं तर तीन ठिकाणी हो म्हणण्याची संधी मिळते आणि मोजपट्टीच बदलते. तुकड्यांमध्ये ठरलेला विराम, ओळ ठरल्याप्रमाणे दोनदा वाचणं, आणि हे सगळ्यांनी सारखंच करणं, एवढं मात्र करता येतं.

इथे भाषांतरकाराला एक मोह होतो, आणि तो चांगल्या माणसांनाच होतो. शेतकऱ्याच्या पंपाला वीज कितीदा तरी रात्रीची मिळते. तो दोन वाजता उसाला पाणी द्यायला जातो. त्याची झोप मोडते ती विजेमुळे, मन खचल्यामुळे नव्हे. तेव्हा ओळीत ‘काही कारण नसताना’ असं घालावं, म्हणजे खोटे गुण टळतील. किंवा पहाटे लवकर जाग येणं हे डिप्रेशनचं नामांकित लक्षण मूळ ओळीत नावानं आलेलं नाही, ते आपण घालू. दोन्ही सूचना शहाणपणाच्या आहेत. आणि दोन्ही घातक आहेत.

का? मूळ इंग्रजी ओळ कारण विचारत नाही. तिकडचा रात्रपाळीचा कामगार आणि तान्ह्या मुलाची आई यांनाही ते गुण मिळालेले आहेत. दहाची रेषा ठरली ती त्यांना धरून. आपण कारणाची अट घातली की मराठी ओळ कडक झाली, पहाटेची जाग घातली की सैल झाली. भाषांतरकारानं मूळ ओळीचे दोषही उचलून आणायचे असतात. ओळ सुधारायची असेल तर खुशाल सुधारा, पण मग तिला नवी मोजपट्टी म्हणा आणि तिची रेषा नव्यानं आखा.

नवी मोजपट्टी करणं हा काही गुन्हा नाही. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात झिंबाब्वेत शोना बोलणाऱ्या लोकांच्याच तक्रारींवरून चौदा प्रश्नांची प्रश्नावली बांधली. तिथले लोक ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार येणं. आपल्याकडेही ‘विचार फार येतात’ ही तक्रार ऐकू येते. स्थानिक दुखणं पकडायला अशी प्रश्नावली उत्तम. पण तिचे आठ गुण आणि पीएचक्यूचे आठ गुण शेजारी ठेवता येत नाहीत. दोन्ही हवं असेल तर दोन कागद लागतात.

ओळींइतकेच रकानेही महत्त्वाचे आहेत. इंग्रजीतल्या ‘सेव्हरल डेज’ला कोणी ‘बरेच दिवस’ लिहिलं, तर मराठी कानाला तो महिना-दोन महिन्यांचा काळ वाटतो आणि लोक मागच्या रकान्यात जातात. ‘काही दिवस’ बरं. ‘निम्म्याहून अधिक दिवस’ हे गणित आहे. ज्याला अवघड जातं त्याला चौदातले सात ओलांडले का, असं विचारण्याची सोय सूचनेतच छापलेली असावी, प्रत्येकानं आपापल्या मनानं सांगू नये. आणि ‘गेल्या दोन आठवड्यांत’ म्हणताना गावात मागच्या दोन बाजारांचा आधार दिला तर काळ नीट आठवतो.

आता शेवटचा मुद्दा. बरोबर झालं हे कळायचं कसं?

रूढ उत्तर आहे उलट भाषांतर. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, बसून एक मसुदा ठरवायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं तो परत इंग्रजीत न्यायचा आणि मुळाशी ताडायचा. यातली उलट भाषांतराची रीत ब्रिसलिन यांनी १९७० साली मांडली. ती करावीच, ढोबळ चुका पकडायला ती लागते. पण तिच्यात एक खोड आहे. ‘नैराश्यग्रस्त वाटणं’ असं लिहा, ते परत जाताना हुबेहूब ‘डिप्रेस्ड’ होऊन जाईल. पैकीच्या पैकी गुण! फक्त मावशींना तो शब्द कळणार नाही. ‘मन खचणं’ मात्र परत जाताना अडखळेल, प्रत्येक जण वेगळं इंग्रजी करील. म्हणजे बोजड मराठी या परीक्षेत पास होतं आणि जिवंत मराठी नापास. म्हणून उलट भाषांतरानंतर मघाशी सांगितलेल्या मुलाखती हव्यातच: स्त्रिया, पुरुष, शिकलेले, न शिकलेले, निरनिराळ्या बोलीचे.

त्यानंतर आकडे. एकूण गुण सारखे असलेली माणसं दोन्ही भाषांतून घ्यायची, उदाहरणार्थ नऊ ते अकरा गुणांची, आणि एकेक ओळ पाहायची. मनःस्थितीच्या ओळीवर इंग्रजी गटाची सरासरी समजा एक पूर्णांक दोन आली आणि मराठी गटाची एक पूर्णांक सात, तर त्या ओळीच्या तराजूत पासंग आहे. उदास शब्द हलका पडला की नाही, ते इथे कळतं. पासंग सगळ्या गुणांच्या लोकांत सारखाच निघाला तर शब्दाची उंची चुकली. कमी गुणांच्या लोकांत एक आणि जास्त गुणांच्या लोकांत दुसरंच निघालं, तर त्या ओळीचा अर्थच बदलला असण्याचा संशय घ्यावा.

यातून व्यवहारात काय निघतं? ओळी एकमेकींशी तशाच जुळलेल्या आहेत, त्यांचं वजनही तेच आहे, पण पासंग उरला आहे, अशा कागदावर एकाच मराठी रुग्णाचे जूनचे आणि सप्टेंबरचे गुण ताडता येतात. पुण्याची सरासरी शिकागोशी ताडता येत नाही. हा फरक फार वेळा विसरला जातो.

आणि या आकडेमोडीलाही मर्यादा आहे. सगळ्याच नऊ ओळी सारख्याच हलक्या झाल्या, तर एकूण गुणच फुगलेले असतात. मग सारख्या गुणांचे लोक निवडून काही दिसत नाही. तिथे प्रश्नावलीबाहेरचा साक्षीदार लागतो, म्हणजे त्याच लोकांची निदानासाठीची सविस्तर मुलाखत, मराठीत. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पटेल आणि सहकाऱ्यांनी पाच प्रश्नावल्या निदानाच्या मुलाखतीशी ताडून पाहिल्या आणि २००८ साली ते काम प्रसिद्ध केलं. दोन्ही भाषा येणाऱ्यांना दोन्ही कागद देणं हा मार्ग स्वस्त आहे, पण असे लोक शिकलेले असतात. मराठी कागद वाचतानाही ते मनात इंग्रजी ओळ वाचतात. त्यांच्या जुळलेल्या गुणांवर मावशींचं काही ठरवता येत नाही.

मुलाखतीशी ताडल्यावर मराठीत रेषा दहाऐवजी दुसरीकडे बरी बसते, असं निघालं तर? दवाखान्यात रुग्ण शोधण्यासाठी ती रेषा जरूर वापरा. पण रेषा हलवावी लागली हीच गुण तुलनीय नसल्याची कबुली आहे. मग त्याच अहवालात दोन देशांच्या सरासऱ्या शेजारी छापू नका. रुग्ण शोधणं आणि देशांची तुलना करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

सारांश सांगतो. मनःस्थितीच्या ओळीत सगळ्यात हलक्या शब्दाकडे लक्ष द्या, शेजारच्या ओळींत शिरणारा वाक्प्रचार टाळा, नकार टाळा. झोपेच्या ओळीत तिन्ही तुकडे ऐकू जातील असं पाहा आणि ओळ सुधारू नका. मग लोकांना विचारा, मग आकडे पाहा, मग मुलाखतीशी ताडा. हा क्रम उलटा करू नका.

सभागृहात डॉक्टर आहेत, समाजकार्याचे विद्यार्थी आहेत, आशाताईही आहेत असं दिसतं. तुम्हाला एकच विनंती. कागद हातात आला की आधी विचारा, या मराठी शब्दांवर रेषा कोणी आणि कुठे तपासली? उत्तर मिळालं नाही तर ते गुण निदान म्हणून लिहू नका, पुढची चौकशी करण्याचं कारण म्हणून लिहा. आणि छापलेली ओळ छापल्याप्रमाणे वाचा. समोरच्या मावशींना ती कळली नाही तर आपल्या शब्दांत समजावून मोकळे होऊ नका. कळली नाही, अशी नोंद करून ती भाषांतर करणाऱ्यांकडे पाठवा.